जिन्यावर भेटणाऱ्या माणसांना प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा

आम्ही जुळे सोलापुरात अठरा फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, हाताखाली बावीस बायका आहेत. दर २६ जानेवारीला सकाळी उठल्या उठल्या मी तिरंग्याचं एखादं चित्र सोसायटीच्या आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकते. गेल्या वर्षी मी टाकलेलंच चित्र दुपारपर्यंत मला चार ठिकाणांहून परत आलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “हे तू लिहिलंस का गं?” मला खोटं बोलवेना. यंदा स्वतः लिहायचं ठरवलंय, पण बसले की ‘वीर जवान’ आणि ‘मेरा भारत महान’ याच्या पुढे काही सुचत नाही. देशासाठी मी विशेष काही केलेलं नाही, मग लिहू तरी काय? शेजारी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे आहेत. वेगळं काही लिहून कुणी दुखावलं तर?
— एक वाचक, सोलापूर

ताई,

आजोबांचा प्रश्न तुम्हाला टोचला, पण मला तो मायेचा वाटला. ते चित्र त्यांना दिवसभरात दहा जणांनी पाठवलं असणार. त्या दहांतल्या एकीला त्यांनी विचारलं, कारण तुम्ही काही लिहिलं असतंत तर त्यांना ते वाचायचं होतं. तुमच्या शब्दांची वाट पाहणारा एक वाचक शेजारच्याच दारात आहे, हे धरून चला.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मात्र मी अडले. देशासाठी विशेष काही केलेलं नाही, असं तुम्ही लिहिता. हे वाक्य तुमच्या डोक्यात त्या चित्रांनीच बसवलं आहे. चित्रात सीमा असते, बर्फ असतो, बंदूक घेतलेला जवान असतो. त्याच्याशेजारी स्वतःला उभं केलं की कुणालाही आपण काहीच केलं नाही असं वाटणार. जवानांबद्दल मनात आदर असावाच. पण २६ जानेवारीला नेमकं काय घडलं, ते एकदा आठवून पाहू या.

१५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं, तरी पुढची जवळजवळ अडीच वर्षं देशाचा औपचारिक प्रमुख इंग्लंडचा राजाच होता आणि त्याच्या वतीने इथे गव्हर्नर जनरल बसत होते. २६ जानेवारी १९५० च्या सकाळी ते पद संपलं, राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली आणि संविधान लागू झालं. ही तारीख निवडली, कारण त्याआधी वीस वर्षं, २६ जानेवारी १९३० ला, देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. १९५० च्या त्या दिवशी कुठली लढाई जिंकली गेली नव्हती. कालपर्यंत राजाची प्रजा असलेली माणसं आज एकमेकांच्या बरोबरीची नागरिक झाली, एवढंच झालं होतं. आणि ते फार मोठं होतं. संविधानाच्या उद्देशिकेचे पहिले शब्द ‘आम्ही, भारताचे लोक’ असे आहेत, आणि शेवटी ते लोक हे संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ करतात. लोकांनी लोकांना दिलेला हा शब्द आहे. तो देणाऱ्यांत तुम्ही आहात, आजोबा आहेत, काज-बटणाच्या मशीनवर बसणारी तुमची मैत्रीणही आहे.

म्हणून २६ जानेवारीचा संदेश लिहायला पराक्रम लागत नाही. बरोबरीच्या माणसाला आठवून लिहिलं की पुरतं. उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द जिथे येतो, तिथे त्याच्याच वाक्यात ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ येते आणि मग राष्ट्राची एकता आणि एकात्मता येते. आधी व्यक्ती आहे. फिरत्या संदेशांत नेमकी तीच नसते. त्यांत देश असतो, झेंडा असतो, शहीद असतात. ज्याला पाठवायचं तो माणूस कुठेच नसतो. ते खोटे वाटतात ते यामुळे. त्यातल्या भावना खोट्या असतात असं मी म्हणणार नाही, पण ते कुणाशीच बोलत नाहीत.

आपलं लिखाण तपासायची एक सोपी रीत आहे. लिहून झालं की ‘२६ जानेवारी’च्या जागी ‘१५ ऑगस्ट’ घालून वाचा, आणि खाली तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाचंही नाव घालून वाचा. दोन्ही वेळा संदेश तसाच चालत असेल, तर तो अजून तुमचा झालेला नाही.

आता लिहायचं कसं. मी आमच्या इमारतीतलं उदाहरण सांगते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. एका उन्हाळ्यात दोन पाण्यांमधलं अंतर आणखी वाढलं आणि आम्हाला टँकर मागवावा लागला. तो वाटायचा कसा यावर खाली पार्किंगमध्ये रात्री दहापर्यंत बैठक चालली. काही जणांचं म्हणणं, पैसे घरटी सारखे काढलेत, तर पाणीही घरटी सारखं द्या. काहींचं म्हणणं, दोन माणसांच्या घराला आणि सात माणसांच्या घराला सारखं पाणी हा कुठला न्याय? शेवटी हात वर करून ठरलं की माणशी चार घागरी. सगळ्यांना ते पटलं नव्हतं. पण महिनाभर सगळ्यांनी ते पाळलं.

पुढच्या जानेवारीत आमचे चेअरमन, एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ, संदेश लिहायला बसले आणि मला दाखवायला आले. त्यांचा पहिला खर्डा असा होता:

“सर्व सोसायटी बंधू-भगिनींना प्रजासत्ताक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा! आपली सोसायटी म्हणजे विविधतेतील एकतेचे जिवंत उदाहरण. मागील उन्हाळ्यात काही सदस्यांनी विरोध केला तरी आपण पाणीटंचाईवर एकजुटीने मात केली. चला, पाणी वाचवण्याचा संकल्प करू या. जय हिंद!”

यात चांगली गोष्ट एकच होती, ती म्हणजे पाणी. बाकीचं आम्ही एकेक करून काढलं. ‘विविधतेतील एकता’ काढलं, कारण आपल्याच जिन्यातल्या माणसांना कुणी असं हाक मारत नाही. हे शब्द लांबून बघणाऱ्याचे आहेत. ‘काही सदस्यांनी विरोध केला तरी’ हे तर काढायलाच हवं होतं. विरोध करणारी दोन घरं कोणती, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि शुभेच्छांमधून त्यांना चारचौघांत पुन्हा उभं केल्यासारखं झालं असतं. मी त्यांना विचारलं, “काका, त्या रात्री तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं?” ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “खरं सांगू? मलाही घरटीच हवं होतं. आम्ही दोघंच ना.” मी म्हटलं, मग हेच लिहा. पाणी वाचवण्याचा संकल्पही गेला, कारण तो आला की शुभेच्छापत्राची नोटीस होते. शेवटी जे ग्रुपवर गेलं, ते असं:

“नमस्कार. उद्या सकाळी आठ वाजता गच्चीवर झेंडावंदन आहे, सगळ्यांनी यावं. गेल्या उन्हाळ्यात माणशी चार घागरी पाणी द्यायचं आपण खाली बसून ठरवलं. त्या रात्री मला ते पटलं नव्हतं. पण सगळ्यांचं म्हणणं ऐकून ठरलं आणि आपण सगळ्यांनी पाळलं. प्रजासत्ताक म्हटलं की आता मला ती रात्र आठवते. सर्वांना शुभेच्छा.”

पन्नासेक शब्द. त्यात देशाचं नाव नाही, पण प्रजासत्ताक म्हणजे काय ते आहे: प्रत्येकाला बोलायला मिळालं, हात मोजले गेले, हरलेल्यानेही ठरलेलं मानलं. नेहमी त्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागते. त्या दिवशी हात कमी आले आणि वाक्यं आली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, “काका, आधी पाच घागरी ठरल्या होत्या, मग चारवर आलो.” ती दुरुस्ती वाचून काका फार खूश झाले. आपला संदेश पोचला की नाही, ते इथे कळतं. उत्तरात आपण न लिहिलेला एखादा शब्द, एखादी आठवण आली, तर तो वाचला गेला.

तुमच्या सोसायटीत पाणी नसेल, दुसरं काही असेल. लिफ्ट बंद पडली तेव्हा वर्गणी कशी काढायची यावर झालेली चर्चा, गच्चीच्या किल्लीचा वाद, गणपतीचा मंडप आणि कुणाच्या तरी घरचं लग्न एकाच आठवड्यात आलं तेव्हा जागा कशी वाटून घेतली ते. एक कागद घ्या, अठरा घरांची नावं लिहा आणि गेल्या वर्षभरात सगळ्यांनी मिळून ठरवलेली आणि पाळलेली एक गोष्ट शोधा. एकच. तीन सापडल्या तर दोन पुढच्या वर्षांसाठी ठेवा. आणि एकही सापडली नाही, तर ओढूनताणून काढू नका. “उद्या आठला झेंडावंदन, सर्वांना प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा” एवढंही साधं आणि खरं आहे.

एक काळजी घ्या. कुणाचं खासगी दुःख, आजारपण, उसने दिलेले पैसे, रात्री दवाखान्यात नेलेलं माणूस, हे कौतुकाच्या भरातही ग्रुपवर आणू नका. ज्याने मदत केली त्याला बरं वाटेल, पण ज्याला मदत घ्यावी लागली त्याला कानकोंडं होईल. तसलं आभाराचं वाक्य त्या एका माणसाला वेगळं पाठवा.

आता कारखान्याकडे येते. तिथली गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे तुम्ही सुपरवायझर आहात. बावीस जणी तुमचा संदेश वाचतील तेव्हा त्यात काम बघणाऱ्या ताईंचा आवाज ऐकतील. म्हणून दोन गोष्टी टाळा. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ लिहू नका, कारण हे वाक्य कामगारांनी बहुतेक वेळा जास्त वेळ थांबायला सांगताना ऐकलेलं असतं. आणि ‘तुमच्या मेहनतीला सलाम’ लिहू नका. तो सलाम वरून खाली येतो, बरोबरीने येत नाही.

पण तुमच्या हातात जे आहे, ते फार थोड्या लोकांकडे असतं. तुम्ही गणवेश शिवता, ताई. २६ जानेवारीच्या सकाळी कितीतरी शाळांच्या मैदानांवर मुलं रांगेत उभी असतील, आणि त्यांतल्या काहींच्या अंगावर तुमच्या कारखान्यातून गेलेला शर्ट असेल. श्रीमंताचं पोर आणि रोजंदारीवाल्याचं पोर एका रंगात उभं राहावं म्हणून गणवेश असतो. ‘दर्जाची व संधीची समानता’ हे उद्देशिकेतले शब्द तुमच्या मशीनवर कापड होऊन येतात, असं मला वाटतं. ‘देशासाठी काही केलेलं नाही’ हे तुम्ही लिहिलंत, तेव्हा तुम्हाला हे दिसलं नसावं.

माझ्या मनात तुमचा संदेश साधारण असा आहे. नावं, शाळा, काम तुमच्याकडचं खरं घाला:

“उद्या सकाळी कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर मुलं आपण शिवलेल्या गणवेशात झेंड्यासमोर उभी राहतील. त्यांना आपली नावं माहीत नाहीत. पण ती कॉलर कुणी बसवली, काज कुणी केले, शेवटचे धागे कुणी कापले, ते आपल्याला माहीत आहे. उद्या आपल्या पोरांच्या शाळेत गेलात तर शर्टाची शिलाई बघा. सगळ्यांना प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा.”

हे पाठवण्याआधी एक बघा. २६ जानेवारी ही राष्ट्रीय सुट्टी आहे. ऑर्डर अडली म्हणून त्या दिवशी काही जणींना कामावर बोलावलं असेल, तर वरचा संदेश त्यांच्यासाठी खोटा ठरेल. त्यांना तो पाठवू नका. त्यांच्याशी समोर बोला, उद्या बोलावलंय हे मला ठाऊक आहे म्हणा, आणि बदली सुट्टीचं किंवा जादा पैशाचं तुमच्या हातात असेल ते आधी पक्कं करा. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं, की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करतो आहोत: राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. आपल्या संदेशात ती विसंगती आपणच वाढवू नये, एवढं तर आपल्याला जमतं. जिच्यावर तुम्ही कधी आवाज चढवला असेल, तिच्यासाठीही हेच. माफी मागायची असेल तर तिची तिला मागा, शुभेच्छांच्या संदेशात ती मिसळू नका.

बावीस जणींपैकी काहींना मराठी बोलता येत असेल पण वाचता येत नसेल. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू घरांमधून आलेल्या कितीतरी बायकांचं असं असतं. त्यांच्यासाठी तोच मजकूर तुमच्या आवाजात बोलून पाठवा, वीस-पंचवीस सेकंद पुरतील. वाचून दाखवल्यासारखं बोलू नका, मशीनजवळ उभं राहून जसं बोलता तसं बोला.

यातूनच भाषेच्या प्रश्नाकडे येते. ज्या माणसाशी तुम्ही जिन्यात ज्या भाषेत बोलता, त्याच भाषेत लिहा. मराठीत बोलत असाल तर मराठीत. त्याच्या भाषेचा मान म्हणून एखादी ओळ घालायची असेल, तर तेलुगूत ‘गणतंत्र दिनोत्सव शुभाकांक्षलु’ आणि कन्नडमध्ये ‘गणराज्योत्सवद शुभाशयगळु’ म्हणतात. पण ती ओळ आधी त्यांच्याच घरातल्या मुलाकडून तपासून घ्या. हे विचारायला तुम्ही दार वाजवाल, तेव्हा निम्म्या शुभेच्छा तिथेच पोचतील.

कुणी दुखावलं तर, ही तुमची भीती मला एका ठिकाणी अगदी रास्त वाटते. आपण शेजाऱ्याला माणूस म्हणून न बघता नमुना म्हणून बघतो, तिथे माणूस दुखावतो. उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याला उद्देशून ‘तुमच्यासारखे लोक शेजारी आहेत म्हणून आपली एकता टिकून आहे’ असं कुणी लिहिलं, तर लिहिणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण वाचणाऱ्याला दर २६ जानेवारीला आपण एकतेचं उदाहरण म्हणून उभे केले जातो, हे कळतं. वरच्या मजल्यावरच्या देशमुखांना कुणी तसं लिहीत नाही. त्या शेजाऱ्यांनी तुमच्या मुलाला गणित शिकवलं असेल तर गणिताचं लिहा. स्कूटर सुरू होत नव्हती तेव्हा किक मारून दिली असेल तर किकचं लिहा. त्यात त्यांचा धर्म यायचं काही कारण नाही.

सोलापूरकर म्हणून इथे चार हुतात्मे आठवतात, आणि तुम्हालाही त्यांच्यावर लिहावंसं वाटेल. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं आणि इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. म्हणजे पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेला त्या महिन्यात एक वर्ष होत होतं. ही आपल्या गावची गोष्ट आहे आणि ती सांगावी. पण चार नावं, चार पुतळ्यांचा फोटो आणि ‘विनम्र अभिवादन’ एवढंच लिहिलं, तर तेही फिरतं चित्रच होईल. तुमचं काही नातं असेल तर लिहा. तुम्ही रोज त्या पुतळ्यांच्या चौकातून बसने जात असाल आणि एखाद्या दिवशी मुलीने ही नावं कुणाची म्हणून विचारलं असेल, तर तो प्रश्न लिहा, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत तेही.

थोडं शुद्धतेबद्दल, कारण एक चूक सगळ्या मनापासूनपणावर पाणी ओतते. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. त्यामुळे ‘दिनाच्या’ ऱ्हस्व लिहा. कितवा प्रजासत्ताक दिन ते लिहायचं असेल तर सनातून १९४९ वजा करा. १९५० चा पहिला, म्हणून २०२६ चा ७७ वा. पूर्ण झालेली वर्षं मात्र ७६ होतात, आणि फिरत्या संदेशांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात. झेंड्याच्या चित्रावर स्वतःचं नाव, फोटो किंवा शुभेच्छा छापू नका. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजावर कुठलीही अक्षरं लिहायची नसतात, आणि राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१ च्या कायद्यात राष्ट्रध्वज म्हणताना त्याचं चित्रही धरलं आहे. फोटो हवाच असेल तर तुमच्या गच्चीवरच्या झेंडावंदनाचा घाला आणि शब्द खाली वेगळे लिहा.

वेळेचंही सांगते. आपल्याकडे जानेवारी म्हणजे नवं वर्ष, मग संक्रांतीचा तिळगूळ, मग सिद्धेश्वरांच्या काठ्या आणि गड्डा. महिनाभर सगळ्यांचे फोन शुभेच्छांनी भरलेले असतात, आणि २६ च्या सकाळी सात ते नऊ तर कुणीच काही वाचत नाही. तुमचा संदेश २५ च्या संध्याकाळी पाठवा. नाहीतर २६ ला झेंडावंदन झाल्यावर, जिलेबी खाऊन लोक घरी आले की दुपारी. आणि वेगवेगळ्या माणसांना लिहायचं असेल तर पाच-सहांच्या पुढे जाऊ नका. मी एका वर्षी चाळीस जणांना एकाच दमात सारखा मजकूर पाठवला होता, नाव तेवढं बदलून. त्यांतल्या एकाची आई दोन दिवसांपूर्वी गेली होती, हे मला माहीत होतं आणि तरी त्या घाईत माझ्या लक्षात राहिलं नाही. त्याने काही म्हटलं नाही. मला ते आजही विसरता येत नाही.

ग्रुपवर नसलेली माणसंही आठवा. सोसायटीचा वॉचमन, जिना झाडणाऱ्या मावशी, कारखान्यातून माल नेणारा टेम्पोवाला. झेंडावंदनाच्या वेळी वॉचमनच्या हातात बहुतेक वेळा जिलेबीचा ट्रे असतो. यंदा तो ट्रे दुसऱ्या कुणी धरावा आणि तो रांगेत उभा राहावा, असं तुम्ही सोसायटीत सुचवू शकता. त्याला लेखी संदेशाची गरज नाही.

राहिले आजोबा. त्यांना फोनवर काही पाठवू नका. एका कागदावर लिहा आणि २५ तारखेला संध्याकाळी नेऊन द्या. २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस असतो, कारण १९५० साली त्याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला. मतदानाचं वय १९८९ पर्यंत २१ होतं, त्यामुळे तुमचे आजोबा ऐंशीच्या आसपास असतील तर त्यांनी पहिलं मत १९६७ च्या सुमारास दिलं असेल. त्यांना तेच विचारा:

“आजोबा, गेल्या वर्षीचं मी लिहिलेलं नव्हतं, हे मी लिहिलंय. तुम्ही पहिलं मत कधी आणि कुठल्या शाळेत दिलंत? उद्या झेंडावंदनानंतर मी चहाला येते, तेव्हा सांगा. प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा.”